ट्रॅक्टरचं कर्ज मुदतीआधी फेडताना

कापसाचा पैसा हाती आला की ट्रॅक्टरचं कर्ज एकदाचं मिटवावं, असं आर्णी भागातल्या शेतकऱ्याला वाटतंच. पण आधी करारनामा काढून वाचा. व्याजदर स्थिर असेल, तर मुदतपूर्व फेडीवर शुल्क लागू शकतं. समजा, बारा टक्के दरानं दोन लाख मुद्दल उरलंय, सहा मासिक हप्ते बाकी आहेत आणि शुल्क चार टक्के आहे. म्हणजे 8,000 रुपये, वर जीएसटी 1,440. वाचणारं व्याज मात्र साधारण 7,000. इथं घाई तोट्याचीच!

थोडीच रक्कम भरायची असेल, तर अर्जात ‘मुद्दलात जमा करावी’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर ती पुढचा हप्ता म्हणून धरली जाऊ शकते.

शेवटच्या भरण्यानंतर नो ड्यूज, म्हणजे बेबाकी दाखला घ्याच. त्यासोबत सही-शिक्क्याचा फॉर्म 35 मागा. त्याशिवाय आरसी बुकावरचा बँकेचा बोजा यवतमाळच्या आरटीओत उतरत नाही. जमीन तारण असेल, तर तलाठ्याकडे दाखला देऊन सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’तला बोजाही कमी करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तारणाची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तुमच्या हक्काची आहे.