‘आय’ आकाराची तुळई : मधले पोलाद गेले कोठे?

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आपल्या सभागृहाच्या सज्जाचे काम चालू असताना अंगणात पोलादी तुळया येऊन पडल्या होत्या. त्या पाहून आपल्या एका भगिनींनी मला विचारले, “अण्णा, एवढा भार पेलायचा, तर भरीव चौकोनी दांडा का नाही आणला? याचे तर मधले सगळे पोलाद काढून टाकले आहे!” प्रश्न इतका नेमका होता की दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका करून घेणे मला बरे वाटेना. आजचे बोलणे हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

या तुळईचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा दिसतो. वरचा आणि खालचा आडवा पट्टा यांना फ्लँज म्हणतात, आणि त्यांना जोडणाऱ्या मधल्या उभ्या पातळ भागाला वेब. आपल्याकडे बाजारात सर्रास मिळणारी 300 मिलिमीटर उंचीची तुळई उदाहरणादाखल घेऊ. तिचा प्रत्येक फ्लँज 14 सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जाड असतो. वेब जेमतेम साडेसात मिलिमीटर. एक मीटर लांबीचे वजन सुमारे 44 किलो. तेवढ्याच वजनाचा भरीव चौकोनी दांडा केला, तर त्याची बाजू साडेसात सेंटिमीटर येईल. पोलाद तेच आणि तेवढेच. आता दोघांचे सामर्थ्य ताडून पाहू.

तुळई दोन टोकांवर टेकवून मध्ये भार ठेवला की ती खाली झोल खाते. वरचा पृष्ठभाग थोडा आखडतो, खालचा थोडा ताणला जातो. रबराच्या जाड खोडरबरावर उभ्या समांतर रेघा मारून ते वाकवून पाहा : एका अंगाला रेघा जवळ येतात, दुसऱ्या अंगाला फाकतात, आणि मधोमध एक पातळी अशी राहते की जेथे लांबी वाढतही नाही, घटतही नाही. अभियंते तिला उदासीन पातळी म्हणतात. नाव मोठे समर्पक आहे, कारण त्या पातळीवरचे पोलाद वाकण्याच्या बाबतीत खरोखरच उदासीन असते. त्याच्यावर दाब नाही, ताण नाही. ते केवळ तेथे असते.

या पातळीपासून जसजसे वर किंवा खाली जावे तसतशी आखडण्याची वा ताणण्याची मात्रा अंतराच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट अंतरावरचा पोलादाचा कण दुप्पट जोर लावतो. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. तो जोर दुप्पट लांब तरफेच्या टोकाशी लावला जात असल्यामुळे त्याचा उपयोगही दुप्पट होतो. दार बिजागरीजवळ ढकलणे आणि कडीजवळ ढकलणे यांतला फरक प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतो. येथे तोच फरक, आणि शिवाय कडीजवळ ढकलणारा हातही अधिक बळकट. दोन दुपटी मिळून चौपट. तिप्पट अंतरावर नऊपट. म्हणून मध्यातले पोलाद काढून ते दोन्ही कडांना नेले की त्याच वजनातून कितीतरी अधिक काम मिळते.

आता आकडे. आपल्या तुळईत दोन फ्लँजांमध्ये एकूण पोलादाचा साधारण 62 टक्के भाग असतो, परंतु झोल रोखण्याच्या कामाचा 83 टक्के वाटा ते उचलतात. पाच मीटरच्या गाळ्यावर ही तुळई टाकून मध्यावर चार टनांचा भार ठेवला, असे धरा. मध्यभागी वाकवण्याचा जोर, म्हणजे टेकूची दोन टनांची प्रतिक्रिया गुणिले अडीच मीटर अंतर, पाच टन-मीटर होतो. दोन फ्लँजांच्या मध्यांमधले अंतर सुमारे 29 सेंटिमीटर. हे सारे काम एकट्या फ्लँजांनी केले असते, तर वरच्यावर सतरा टनांहून अधिक दाब आणि खालच्यावर तेवढाच ताण आला असता. चार टनांच्या भारासाठी सतरा टन! पुष्कळांना हे ऐकून धक्का बसतो. पण तरफ आखूड असली की जोर असाच वाढतो, आणि म्हणून तुळईची उंची वाढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. वेबचीही थोडी मदत होत असल्याने कडेच्या पोलादावर प्रत्यक्षात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 870 किलोंचा ताण येतो. साधे बांधकामाचे पोलाद 2,500 किलोंच्या आसपास कायमचे ताणले जाऊ लागते; तेव्हा तुळई निर्धास्त आहे. तिचा झोल सहा मिलिमीटर.

तेवढ्याच वजनाचा चौकोनी दांडा तेथे ठेवला असता तर त्याच्या कडेला 7,000 किलोंहून अधिक ताण येण्याची वेळ आली असती. म्हणजे तो केव्हाच वाकून कामातून गेला असता. हिशेबाने ‘आय’ तुळई त्याच्या आठपट बळकट आणि सुमारे तेहेतीसपट ताठ आहे.

मग कोणी म्हणेल, फ्लँजच सारे काम करतात तर वेब तरी कशाला? माझ्या मते या विषयातला खरा रसाचा भाग हाच.

एक जाडसे पुस्तक आडवे धरून वाकवा. पानांच्या कडा एकमेकींवरून सरकतात आणि पायऱ्यांसारखी उतरण तयार होते. प्रत्येक पान स्वतंत्रपणे वाकते, म्हणून पुस्तक लुळे. तीच पाने एकमेकांना डिंकाने घट्ट चिकटवली, तर सरकायला वाव राहत नाही आणि पुस्तकाची फळी होते. तुळईतही थर असेच सरकू पाहतात. या सरकू पाहण्याला कर्तन म्हणतात, आणि ते अडवणे हे वेबचे मुख्य काम. आपल्या तुळईचा वेब कापून टाकून दोन्ही फ्लँज नुसते एकावर एक सुटे ठेवले, तर त्या दोन पट्ट्यांचा मिळून ताठपणा मूळ तुळईच्या सुमारे एकोणीसशेव्या हिश्श्याइतका उरतो! वरच्या फ्लँजचा दाब आणि खालच्याचा ताण यांना एकमेकांची जोड वेबमुळेच मिळते. शिवाय दोघांना अंतरावर धरून ठेवण्याचे कामही त्याचेच. ते अंतर नसेल तर तरफ कोठली?

हे काम महत्त्वाचे खरे, पण त्याला पोलाद फार लागत नाही. आपल्या उदाहरणात वेबवर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 90 किलोंचे कर्तन येते. म्हणून तो पातळ चालतो. किती पातळ, याला मात्र मर्यादा आहे, कारण पातळ पत्रा तुटण्याआधी सुरकुततो. सुट्टीत गावी जाताना नदीवर गाडीचा आवाज बदलला की खिडकीतून पाहावे : भरीव पोलादी पत्र्यांच्या पुलावर उंच वेबला ठराविक अंतराने उभ्या पट्ट्या जोडलेल्या दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. वेबला तिरक्या सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिलेला तो आधार आहे. टेकूंजवळ कर्तन सर्वाधिक असल्यामुळे तेथे त्या बहुधा अधिक दाट असतात.

दोन्ही फ्लँज सारखे का, हाही प्रश्न येतो. पोलाद दाब आणि ताण सारख्याच ताकदीने सोसते, म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तुळया बिडाच्या होत्या. बीड दाबाला फार चांगले, ताणाला कच्चे. मँचेस्टरच्या ईटन हॉजकिन्सनने प्रयोग करून खालचा फ्लँज वरच्याच्या सुमारे सहापट क्षेत्रफळाचा ठेवावा असे दाखवले. त्या काळातल्या गिरण्यांच्या तुळया म्हणूनच पायाशी रुंद दिसतात.

या आकाराचे दुबळेपण सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक होईल. हीच तुळई आडवी पाडून, म्हणजे वेब जमिनीला समांतर ठेवून वापरली, तर तिची बळकटी नवव्या हिश्श्यावर येते. त्या चौकोनी दांड्याहूनही कमी. दुसरे असे की उभी असतानाही वरचा फ्लँज दाबाखाली असतो, आणि दाबलेली लांब पट्टी बाजूला पळू पाहते. पोलादी फूटपट्टी कडेवर उभी धरून वरून दाबा, ती झटकन पिळवटून कलंडते. स्लॅबमध्ये वरचा फ्लँज पकडलेला असेल तर हे भय नाही. पण स्लॅब पडण्याआधी, किंवा कारखान्यात जड वस्तू उचलायला टांगलेल्या उघड्या तुळईत, ते फार मोठे असते. तेथे ताणाचा हिशेब कितीही निर्धोक निघाला तरी बाजूचा आधार द्यावाच लागतो.

आता माझ्या उमेदवारीच्या दिवसांतली एक चूक सांगतो. एका कारखान्यात यंत्र उभे करताना त्याचे दोन खांब वरच्या तुळईच्या खालच्या फ्लँजला अडत होते. फिटरने विचारले, “साहेब, दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर कापू का?” मी वेबकडे पाहिले; तो शाबूत राहत होता, म्हणून होकार दिला. खाच गाळ्याच्या मध्यालगत होती. त्या छेदातले एक पंचमांशाहून थोडेसेच अधिक पोलाद गेले होते, पण बळकटी निम्म्यावर आली होती. आणि कापाच्या अणकुचीदार कोपऱ्यांत ताण आणखी एकवटत होता. काही दिवसांनी आमच्या वयस्क फोरमननी मला शिडीवर चढवले. तुळईला चुन्याचा हात दिलेला होता, आणि खाचेच्या कोपऱ्यांशी तो चुना बारीक रेघांनी सोलवटून निघाला होता. पोलाद कायमचे ताणले जाऊ लागले की ठिसूळ चुना त्याच्याबरोबर ताणला जात नाही, निखळतो. दोरी लावून झोल मोजला असता तर मात्र काहीच कळले नसते. वीतभर जागेतली खाच एकूण झोल फारसा वाढवत नाही.

दुरुस्तीही समजून घेण्यासारखी होती. मी लगेच खाली पट्टी वेल्ड करायला निघालो होतो. फोरमन म्हणाले, “थांबा, आधी तुळईचा भार काढा.” भार असतानाच पट्टी जोडली असती, तर आधीचा सारा ताण जखमी फ्लँजमध्येच राहिला असता आणि पट्टीने फक्त पुढे येणाऱ्या भाराचा वाटा घेतला असता. म्हणून खालून जॅक लावून तुळई थोडी उचलली, कोपरे घासून गोल केले, खाचेच्या दोन्ही अंगांना पुष्कळ पुढे जाईल अशी पट्टी जोडली, आणि मगच जॅक सोडला.

आपल्या सज्जाकडे पुन्हा वळू. सज्जाच्या तुळया भिंतीतून बाहेर आलेल्या, एका बाजूने अधांतरी आहेत. म्हणून त्यांच्यात सारे उलटे. ताण वरच्या फ्लँजला, दाब खालच्याला, आणि दोन्ही भिंतीपाशी सर्वाधिक. दिव्यांच्या तारा नेण्यासाठी मिस्त्री भोक पाडायची परवानगी मागत आहेत. ते त्यांनी वेबच्या उंचीच्या मध्यावर, भिंतीपासून दूर, बोटभर व्यासाचे आणि ड्रिलनेच पाडावे. वरच्या फ्लँजला भिंतीजवळ कोणी हात लावताना दिसला, तर मला त्याच घटकेला बोलवावे.