उन्हाळ्यातला डबा : भात की चपाती-भाजी?

(वर्तकनगर, ठाणे येथे बचत गटांच्या मासिक बैठकीत दिलेल्या माहितीचा मजकूर)



आपल्यापैकी कितीतरी जणी पहाटे पाचला उठून डबे करतात. सहाला डबा भरला जातो आणि वागळे इस्टेटमध्ये किंवा पोखरण रोडवरच्या कामावर तो उघडतो दुपारी दीडला. म्हणजे साडेसात तास. मुंबईच्या डबेवाल्यांची पद्धत आठवून बघा. ते घरून डबा उचलतात नऊ-दहाच्या सुमारास आणि जेवणाच्या वेळेला पोचवतात. त्यांचा डबा तीन-चार तासांचा असतो, आपला त्याच्या दुप्पट. एप्रिल-मे महिन्यात हाच फरक महागात पडतो.

अन्न बिघडवणारे जंतू वाढायला तीन गोष्टी लागतात : ओलावा, ऊब आणि वेळ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिजवलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. आपला बंद डबा दिवसभर याच टप्प्यात असतो. ऊब आणि वेळ आपल्या हातात नाही. ओलावा मात्र आपल्या हातात आहे. म्हणून डब्यात काय भरायचं, हे ओलाव्यावरून ठरवायचं.

आधी भाताबद्दल सांगते, कारण भातावर आपला सगळ्यात जास्त विश्वास असतो. तांदळात एका जंतूची बीजं मुळातच असतात. त्याचं नाव बॅसिलस सिरियस. ही बीजं भात उकळला तरी मरत नाहीत. भात कोमट झाला, की ती जागी होतात आणि वाढता वाढता भातात विष सोडतात. हे विष असं चिवट असतं, की भात परत गरम केला, फोडणीला टाकला, तरी ते जात नाही. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात.

आता महत्त्वाचं ऐका. अशा भाताला वास येईलच असं नाही. आंबूस वास, तार सुटणं, बुडबुडे दिसणं ही बिघडल्याची खूण खरी. तसं दिसलं तर अन्न टाकूनच द्यायचं. पण वास नाही म्हणून भात चांगला, असा उलटा अर्थ काढायचा नाही. नाकापेक्षा घड्याळ बघायचं.

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन डब्यात भरणं म्हणूनच सगळ्यात वाईट. त्याचे तास रात्रीपासून मोजायचे, फोडणीपासून नाही. वरून लिंबू पिळलं तरी भागत नाही, कारण आंबटपणा सगळ्या भाताला सारखा लागत नाही.

मग दुपारी भात खायचाच नाही का? खायचा असेल तर तो दुपारपर्यंत कढत राहिला पाहिजे. त्यासाठी चांगला थर्मासचा डबा लागतो. त्यात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा. पाणी ओतून टाका आणि चुलीवरून उतरलेला वाफाळता भात लगेच काठोकाठ भरा. अर्धा भरला तर लवकर निवतो. मध्ये उघडायचा नाही. दुपारी उघडल्यावर वाफ आली आणि फुंकर घालून खावा लागला, तर काम झालं. कोमट लागला, तर तो डबा भातासाठी उपयोगाचा नाही. ही परीक्षा आधी एकदा घरी, नुसतं उकळतं पाणी भरून घ्या, म्हणजे अन्न वाया जाणार नाही. साध्या स्टीलच्या डब्यात गरम भात बंद करणं सगळ्यात वाईट, कारण तो तासन् तास कोमट राहतो.

आता टिकणारे पदार्थ. चपाती, भाकरी, मेथीचा ठेपला, पुरी यांत पाणी कमी असतं. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, लसूण-सुक्या खोबऱ्याची चटणी, लोणचं, भाजलेले चणे, गूळ-शेंगदाणे हे तर उन्हाळ्यातले सगळ्यात भरवशाचे. भाजी हवी तर भेंडी, कारलं, गवार अशी, पाणी न घालता, झाकण काढून कोरडी होईपर्यंत परतलेली. त्यात ओलं खोबरं घालायचं नाही. वाटलंच तर शेंगदाण्याचं कूट किंवा भाजलेलं सुकं खोबरं घाला. काकडी, केळं, संत्रं अख्खं द्या, चिरून नको.

टाळायचं काय? ओल्या नारळाची चटणी, रस्सा, आमटी, उसळ, पनीर, मटण-चिकन, दुधाचे पदार्थ. सोललेलं उकडलेलं अंडं आणि हाताने सोलून कुस्करलेला बटाटाही नको. हाताला जखम किंवा फोड असेल तर तिथले जंतू अन्नात जातात आणि त्यांचंही विष गरम करून जात नाही. जखमेवर पट्टी बांधून, साबणाने हात धुऊनच डबा भरा. दही द्यायचं तर वेगळ्या लहान डबीत आणि तिला चिकटून रात्री गोठवलेली पाण्याची बाटली ठेवा.

चांगल्या चपातीचंही भरण्याच्या पद्धतीने वाटोळं होतं. तव्यावरची गरम चपाती लगेच बंद केली, की झाकणाला वाफ धरते, तेच पाणी खाली टपकतं आणि कोरडा पदार्थ ओला होतो. चपात्या दहा-पंधरा मिनिटं जाळीवर किंवा स्वच्छ फडक्यावर पसरा, भाजी ताटात पसरा, मग भरा. झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवा आणि उन्हात वाळवा. तिच्या खाचेत कालचं अन्न राहतं, ते आजच्या डब्याला लागतं.

आता एका घराचा हिशेब करू. समजा, मुलाचा डबा सव्वासातला भरला आणि शाळेत नऊला मधली सुट्टी आहे. दोन तासांच्या आत खायचंय, मग ताजे पोहे किंवा ताजा भात चालेल. नवऱ्याचा डबा सहाचा, जेवण दीडला. त्याला चपाती, कोरडी भेंडी, शेंगदाण्याची चटणी, अख्खी काकडी. तुमचा स्वतःचा डबा दोनला उघडतो आणि सकाळी घाईत भाजी उरतच नाही. मग भाकरी, चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे. रात्रीचा भात मात्र आपल्या डब्यात ढकलायचा नाही. उरलेलं आपणच संपवायचं, या सवयीने आजारी पडते ती बाईच. भात रात्री अंदाजाने कमी टाका. उरलाच तर तासाभरात पसरट भांड्यात थंड करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी घरीच चांगला कढत करून खा.

डबा कामावर सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत, पत्र्याजवळ, मशीनशेजारी नको. कोरडी भाजीसुद्धा दुपारपर्यंतच. डब्यात उरलेली भाजी घरी आणून रात्री गरम करून वाढायची नाही.

एवढं करूनही कुणाला उलट्या-जुलाब झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहा. पाणी पोटात टिकत नसेल, शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. जाताना किती वाजता काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. त्या डब्यातलं अन्न दुसऱ्या कुणी खाल्लं असेल, तर त्यांच्याकडेही लक्ष ठेवा.