चाचणी तीन दिवसांवर, धडे तीन कोरे



पावसाळ्याचे दिवस आहेत. शेतात खुरपणी चालू आहे, घरी हात कमी पडतात, म्हणून मधले काही दिवस शाळा बुडाली. आणि गुरुवारी संध्याकाळी मित्राकडून कळते की सोमवारी दहावीच्या विज्ञानाची, पहिल्या भागाची, घटक चाचणी आहे. गुण वीस, वेळ एक तास, धडे चार. त्यांतला गुरुत्वाकर्षणाचा धडा वर्गात नीट झालेला आहे. मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, आणि विद्युतधारेचे परिणाम हे तीन धडे मात्र कोरेच. आता शुक्रवार, शनिवार, रविवार एवढेच हातात आहेत. अशा वेळी काय करावे, ते आज पाहू या.

बहुतेक मुले काय करतात? पुस्तक पहिल्या पानापासून उघडतात. पहिला धडा येत असतो, तो वाचायला बरे वाटते, आणि शुक्रवारची सारी संध्याकाळ त्यातच जाते. म्हणून पहिला अर्धा तास वाचू नका. चारही धड्यांचे स्वाध्याय काढा आणि प्रश्नांपुढे पेन्सिलीने खूण करीत चला. आत्ता, पुस्तक मिटून, लिहिता येईल त्यापुढे बरोबरची खूण, थोडे येते त्यापुढे टिंब, काहीच येत नाही त्यापुढे फुली. जमल्यास शुक्रवारी शाळेत गुरुजींना किंवा बाईंना विचारून घ्या की वर्गात कशावर भर दिला होता. ही खुणांची पाने हेच तुमचे तीन दिवसांचे वेळापत्रक.

आता क्रम कोणता धरावा? ज्या धड्याला हाताचा सराव लागतो, तो सर्वांत आधी, म्हणजे मध्ये दोन रात्री जाऊन त्याच्याकडे पुन्हा वळता येते. आपल्या उदाहरणात तो धडा समीकरणांचा. शुक्रवारची सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास त्याला द्या. एक समीकरण घेऊ: NaOH + H₂SO₄ → Na₂SO₄ + H₂O. डावीकडे सोडियमचा अणू एक, उजवीकडे दोन. म्हणून NaOH पुढे २ मांडा. आता डावीकडे हायड्रोजनचे अणू चार झाले, उजवीकडे दोनच आहेत, म्हणून H₂O पुढेही २ मांडा. शेवटी ऑक्सिजन मोजा: दोन्हीकडे सहा. समीकरण संतुलित झाले: 2NaOH + H₂SO₄ → Na₂SO₄ + 2H₂O. घाईत मुलांची चूक होते ती अशी, की पुढे अंक मांडण्याऐवजी सूत्राच्या पायथ्याचा अंकच बदलतात. H₂O चे H₂O₂ केले की ते पाणी राहिले नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झाले! अशी आठ-दहा समीकरणे कागदावर सोडवा. अभिक्रियांचे प्रकार, म्हणजे संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन, प्रत्येकी एका समीकरणासह त्याच कागदावर लिहा.

शनिवारी सकाळी पुस्तक उघडण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या. काल शिकलेले आठवून वीस मिनिटे लिहा आणि मगच पुस्तकाशी ताडून पाहा. हे नीरस वाटेल, पण त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिके या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे किंचित पुढे होते. दोन दिवसांनी घेतली तेव्हा मात्र आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. तुमची चाचणीही पाच मिनिटांनी नाही, दोन दिवसांनीच आहे, होय की नाही? पुन्हा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, आणि आपल्याला येते असा भास होतो. कोऱ्या कागदावर तो भास टिकत नाही.

शनिवारी शाळा लवकर सुटते. दुपारी विद्युतधारेचा धडा घ्या. तो मोठा आहे, म्हणून येथे काही सोडावे लागेल, आणि काय सोडायचे ते आपणच ठरवलेले बरे. उष्णतेचा परिणाम, हातांचे नियम आणि विद्युत चलित्राची नामनिर्देशित आकृती एवढे पक्के करा. जनित्राचे फक्त तत्त्व वाचून ठेवा. सूत्र H = I²Rt. ते समजले की नुसते पाठ झाले, हे पाहायला स्वतःला विचारा: रोध आणि वेळ तेवढेच ठेवून धारा दुप्पट केली, तर उष्णता किती पट? ‘दुप्पट’ असे उत्तर आले तर सूत्र तोंडातच आहे. उत्तर चौपट. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमात तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मध्यमा धारेची आणि अंगठा बलाची दिशा दाखवतो. हा नियम चलित्राचा, उजव्या हाताचा जनित्राचा. परीक्षेत पेन उजव्या हातात असते, म्हणून उजव्या हाताचा नियम लावताना पेन आठवणीने खाली ठेवा.

रात्री आवर्ती वर्गीकरण घ्या. सारा तक्ता घोकू नका, कारणे धरा. गणात वरून खाली जाताना नवे कवच वाढते, म्हणून अणू मोठा होतो. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना कवच तेच राहते पण केंद्रकावरचा प्रभार वाढतो, इलेक्ट्रॉन आत ओढले जातात, म्हणून अणू लहान होत जातो. डोबेरायनरच्या त्रिकाचे एक उदाहरण पुरे: लिथियम ६.९ आणि पोटॅशियम ३९.१, यांची सरासरी २३.०, म्हणजेच सोडियमचे अणुवस्तुमान.

रविवारी सकाळी चारही धड्यांचे एकेक कोरे पान लिहा. गुरुत्वाकर्षणाचेही लिहा, कारण वर्गात झालेला धडाही विसरला जातो. जे लिहिता आले नाही तेवढेच पुस्तकात पाहा. दुपारी चारनंतर नवे काही उघडू नका. स्वाध्यायांतून वीस गुणांचे प्रश्न निवडून, घड्याळ लावून, एका तासात लिहा, आणि घरच्या ताईला किंवा दादाला पुस्तक हाती देऊन तपासायला सांगा. चुकलेले तेवढे पुन्हा लिहून वेळेवर झोपा.

मात्र तीन दिवसांत बसवलेले धडे वार्षिक परीक्षेपर्यंत तसेच राहतील असे समजू नका. पेपर परत मिळाला की त्या आठवड्यात, आणि मग महिन्याने, तेच कोरे पान पुन्हा लिहावे लागेल. जनित्राचा जो भाग सोडला, तोही तेव्हाच भरून काढायचा आहे.

शिक्षक मित्रांना एकच विनंती. धडा संपला की पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटे वह्या मिटून त्यावरचे दोन प्रश्न लिहायला द्यावेत. गुण देऊ नयेत, उत्तरे मुलांनी आपसांत ताडावीत. कोणाचा धडा कोरा आहे, हे मग चाचणीच्या आधीच कळेल, आणि शेतावरून परतलेल्या मुलाला तीन दिवसांऐवजी तीन आठवडे मिळतील.