रौप्यमहोत्सवी चर्चासत्र : आभारप्रदर्शन
(‘मानीव अभिहस्तांतरण : आपली जमीन आपल्या नावावर’ या चर्चासत्राच्या शेवटी केलेले भाषण)



आभाराला माणूस उभा राहिला की मागच्या रांगा चपला शोधू लागतात, हे मला ठाऊक आहे. चहाचा वासही वर आलाय. पण पाच-सात मिनिटं थांबा, कारण आज ज्यांचे आभार मानायचे आहेत, त्यांनी आपलं अडलेलं काम पुढे ढकललं आहे.

पहिले आभार अध्यक्षांचे. जिल्हा हाउसिंग फेडरेशनच्या कामातून वेळ काढून साहेब आले, आणि वेळेवर आले. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, “पंचवीस वर्षं झाली, जमीन कुणाच्या नावावर आहे?” सभागृह गप्प झालं. सोसायटीची नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत विकासकानं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. आपल्या मालमत्ता पत्रकावर आजही जुनंच नाव आहे. हे तोंडावर सांगितल्याबद्दल, साहेब, आम्ही ऋणी आहोत.

प्रमुख पाहुणे सेवानिवृत्त उपनिबंधक साहेब. विकासक सही देत नसेल तर काय, याचं उत्तर 1963 च्या सदनिका मालकी कायद्याच्या कलम 11 मध्ये आहे, आणि 2008 च्या दुरुस्तीमुळे त्याला खरी धार आली, हे त्यांनी सोपं करून सांगितलं. जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना 7 मध्ये अर्ज, विकासकाला नोटीस, सुनावणी, मग आदेश व प्रमाणपत्र. पुढे दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे, त्यानंतर दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. आणि शेवटची पायरी लोक विसरतात : मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव चढवणं. आदेश फ्रेम करून ऑफिसात लावला आणि नाव चढवलंच नाही, अशा सोसायट्या असतात, असं साहेब म्हणाले तेव्हा आपण हसलो. ते हसणं जरा अडखळतच होतं.

वकील मॅडमचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत? प्रश्नोत्तरांत त्यांनी तासभर एकेकाचा कागद हातात घेऊन पाहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या वहिनींचं उदाहरण सांगतो, त्यांची परवानगी घेतली आहे. मूळ करार कर्जापोटी बँकेत ठेवलेला, यजमान आता नाहीत, आणि घरी एक धूसर झेरॉक्स. वहिनींना वाटत होतं की आपल्यामुळे सगळ्या सोसायटीचा अर्ज अडणार. मॅडमनी झेरॉक्सवरचा दस्त क्रमांक आणि वर्ष शोधलं आणि सांगितलं, “हे दोन आकडे आहेत ना, मग दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक 2 आणि दस्ताची प्रमाणित नक्कल मिळेल.” बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस म्हणून मी एवढीच भर घालतो : कर्ज फिटलं असेल तर मूळ करार परत मागा, आणि वारसांनी मागायचा तर मृत्यूचा दाखला व वारसाचे कागद आधी तयार ठेवा. वहिनींचा चेहरा उजळलेला मी पाहिला. मॅडम, त्याबद्दल वेगळे आभार.

वास्तुविशारद साहेब थोडंच बोलले, पण मोक्याचं. आपल्या भूखंडावर शेजारची सोसायटीही आहे. रस्ता आणि बाग दोघांची. त्यामुळे आपल्या वाट्याला किती क्षेत्र येतं, याचं वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र अर्जासोबत लागेल. मोजणीला शेजाऱ्यांना सोबत घ्या, नाहीतर सुनावणीत विकासकाऐवजी तेच हरकत घेतील, हा त्यांचा सल्ला. शेजारच्या सोसायटीचे चेअरमन आज पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. त्यांचेही मनापासून आभार. ते आले हेच मोठं काम झालं.

आता घरची माणसं. चेअरमन, सेक्रेटरी आणि कमिटीनं महिनाभर घरोघर फिरून कागद गोळा केले. आपल्या 48 सदनिकांपैकी 41 जणांचे करार आणि सूची क्रमांक 2 आले आहेत. सात राहिले. त्यांची नावं मी घेणार नाही, ते मला लिफ्टमध्ये भेटतातच. महिला मंडळानं रांगोळी आणि अल्पोपाहार सांभाळला, मुलांनी माइक आणि खुर्च्या. आपले वॉचमन रात्रपाळी करूनही सकाळपासून पाहुण्यांच्या गाड्या लावत होते. सफाई करणाऱ्या ताई नेहमीच्या वेळेच्या दोन तास आधी आल्या. या दोघांसाठी टाळ्या वाजवा, जोरात.

स्मरणिकेसाठी जाहिराती देणाऱ्या दुकानदारांचे आणि देणगीदारांचे आभार आहेतच, त्यांची यादी शेवटच्या पानावर छापली आहे.

एक सूचना. चहाच्या टेबलाशेजारी सेक्रेटरी रजिस्टर घेऊन बसले आहेत. राहिलेल्या सात जणांनी आधी तिथे जावं, चहा नंतर. अध्यक्षांच्या परवानगीनं सभा संपल्याचं जाहीर करतो. राष्ट्रगीतासाठी सर्वांनी उभं राहावं.