फाट्यापासून एक-दोन किलोमीटर

डिसेंबर जवळ आला, आपल्यापैकी बऱ्याच जणांची तिकिटं निघाली असतील. इथे न्यू जर्सीत आपण एक्झिट नंबर सांगून मोकळे होतो. गावी गेल्यावर मात्र सांगतात, ‘फाट्याला वळा, तिथून एक-दोन किलोमीटर.’ आज या सांगण्याचा अर्थ लावू या.

तीन शब्द आधी वेगळे करू. चौक म्हणजे रस्ते एकमेकांना छेदतात ती जागा. शहरात चौकाला बहुधा दोन नावं असतात, एक पाटीवरचं आणि एक तोंडातलं. पुण्यात पाटीवर आचार्य आनंदऋषीजी चौक असतो, पण रिक्षावाल्याला विद्यापीठ चौक म्हणायचं. नाका म्हणजे मुळात जकात किंवा तपासणीची जागा. जीएसटी आल्यावर २०१७ साली मुंबईतली जकात गेली, तरी मुलुंड चेकनाका हे नाव राहिलंच. मुंबई-ठाण्याकडे तर नुसत्या वर्दळीच्या कोपऱ्यालाही नाका म्हणतात. तेव्हा नाका म्हटलं की प्रत्येक ठिकाणी टोल शोधत बसू नका.

सगळ्यात जास्त फसवतो तो फाटा. मोठ्या रस्त्यातून लहान रस्ता फुटतो ती जागा म्हणजे फाटा. त्याला नाव असतं त्या लहान रस्त्याने जिथे पोचायचं त्या गावाचं. कार्ले फाट्यावर उतरलात म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांपाशी पोचलात असं नाही, तिथून अजून आत जायचं असतं.

आता माझीच फजिती सांगते. गेल्या वर्षी पुण्याहून गाडीने आत्याकडे निघालो. तिचं गाव वाईच्या अलीकडे आहे. आतेभाऊ फोनवर म्हणाला, ‘ताई, वाई फाट्याला उजवीकडे वळ, मग एक-दोन किलोमीटर.’ खंबाटकी घाट उतरल्यावर सुरूर फाटा आला, वाईची पाटी दिसली, आम्ही वळलो. पाच किलोमीटर झाले, गाव काही येईना. पुन्हा फोन केला तेव्हा कळलं की दादाचा वाई फाटा म्हणजे पाचवडचा. तो रोज साताऱ्याहून येतो, त्याला वाईला वळायची पहिली जागा तीच लागते. पुण्याकडून येणाऱ्याला आधी सुरूर लागतं. सांगणारा नेहमी स्वतःच्या येण्याच्या बाजूने सांगतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

परत महामार्गावर आलो, तर दुसरी अडचण. आता बऱ्याच फाट्यांवरून उड्डाणपूल गेलेत. सरळ पुलावर चढलात तर फाटा खाली राहून जातो. उजवीकडे वळायचं असलं तरी आधी डावीकडच्या सर्व्हिस रोडला उतरून पुलाखालून जावं लागतं. दादाने दुसऱ्यांदा मात्र नेमकं सांगितलं : ‘भुईंज गेलं की डाव्या हाताने चाल, पाचवडला पुलाखालून वळ. आनेवाडीचा टोलनाका दिसला तर समज चुकलीस.’ हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं. कुठे वळायचं याच्याइतकंच, काय दिसलं म्हणजे पुढे गेलो हेही विचारून घ्यावं.

आणि ते एक-दोन किलोमीटर? गाडीच्या काट्यावर साडेचार भरले. दादा खोटं बोलला नव्हता. मोटारसायकलवर रोज जाणाऱ्याला ते अंतर ‘जवळच’ असतं, आणि एक-दोन किलोमीटर म्हणजे त्याच्या लेखी ‘काळजी करू नको, फार नाही’ एवढंच. त्यामुळे मी आता किलोमीटर विचारतच नाही. विचारते, ‘चालत किती वेळ लागेल?’ किंवा ‘फाट्यावरून रिक्षावाला किती घेतो?’ चालत पाऊण तास म्हणाले तर तीन-साडेतीन किलोमीटर धरायचे. ‘चालत? छे, रिक्षाच करा’ म्हणाले तर त्याहून जास्त.

विचारायची रीतही महत्त्वाची. ‘हाच रस्ता जातो ना?’ असं विचारलं की समोरचा भिडेखातर ‘हो, सरळ जा’ म्हणतो. त्याऐवजी ‘अमुक गावाला कसं जायचं?’ असं मोकळं विचारा. फाट्यावरच्या चहावाल्याला किंवा वडापच्या ड्रायव्हरला विचारलेलं बरं, त्यांचा दिवसच त्या रस्त्यावर जातो. आणि गावाचं नाव सांगताना तालुकाही सांगा, कारण एकाच नावाची गावं जिल्ह्याजिल्ह्यात सापडतात.

निघण्याआधी घरच्यांना फोन कराल तेव्हा एवढं आठवणीने विचारा : फाटा नेमका कुठला, त्याच्या आधी काय लागतं आणि चुकलो तर काय दिसेल. आम्ही आत्याकडे पोचलो तेव्हा दीड तास उशीर झाला होता, आणि आत्या दारातूनच म्हणाली, ‘अगं, फाट्यापासून तर इथंच आहे!’

भेटू पुढच्या रविवारी. नमस्कार.