ओवीखालचं नाव



अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. मी ती मोडणार आहे आणि फक्त एका नोंदीबद्दल बोलणार आहे. ओवी उतरवून घेतली की तिच्याखाली आपण काय लिहितो?

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन आपल्याला १९०९ सालच्या त्या नाट्यगृहातल्या गोळ्यांमुळे माहीत आहेत. त्यांनी लोकसाहित्याची मोठी सामग्रीही जमवली होती, हे कमी जणांना ठाऊक असतं. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी ती संपादित केली आणि कोकणाचा भाग १९१५ साली छापला गेला. पद्धत सोपी होती. छापील प्रश्नावली शाळामास्तरांकडे जायची आणि मास्तर गावात विचारून उत्तरं पाठवायचे. पुस्तकाच्या तळटिपांत त्याचा माग दिसतो : ‘शाळामास्तर, चौक’, ‘शाळामास्तर, डहाणू’. मास्तरांचं नाव नाही, हुद्दा आहे. आणि मास्तरांना ज्या म्हातारीने भुताखेतांचं, नवसासायासांचं सांगितलं, तिचा हुद्दाही नाही. प्रश्न साहेबाचे, उत्तर सरकारी नोकराच्या हातचं आणि सांगणारी कुठेच नाही. मुखपृष्ठावरची नावं मात्र ठळक आहेत.

आपण यावर टीका करतो, परिसंवाद भरवतो. पण माझा स्वतःचा प्रबंध काढून पाहिला, तर त्यातल्या ओव्यांखाली ‘निवेदक : स्त्री, वय अंदाजे ६०’ असं लिहिलेलं आहे. मास्तराच्या जागी मी, एवढाच काय तो फरक.

तो प्रबंध चुकला कसा, हे सांगतो, कारण अन्यायाबरोबर त्यात पद्धतीचीही चूक होती. वेल्ह्याकडच्या एका गावात मी भर दुपारी पोहोचलो. सरपंचांनी शाळेच्या ओट्यावर दहा-बारा बायका जमवल्या, पुरुष भोवती उभे राहिले आणि मी टेपरेकॉर्डर सुरू करून म्हणालो, “आजी, ओव्या सांगा.” आजी अडखळल्या. पुढ्यात जातं नव्हतं, खुंट्यावर दुसरीचा हात नव्हता. ओवी घरघरीच्या लयीवर येते. एकीने पहिली ओळ काढायची, दुसरीने ती उचलायची आणि तेवढ्यात पुढची ओळ सुचायची. ओट्यावर हे काही नव्हतं, तरी त्यांनी गायल्या : पंढरी, तुळस, रामाचा पाळणा. सहा गावांत तेच झालं आणि मी निष्कर्ष काढला की या भागातल्या ओवीत भक्तीचा भाव प्रधान आहे.

पुढे काही वर्षांनी त्याच गावात एका लग्नाला मुक्काम पडला. हळदीचं दळण जात्यावर निघालं. मी भिंतीपलीकडे झोपलो होतो. पहाटे ज्या ओव्या ऐकल्या, त्यांत पंढरी थोडी होती. सासू होती, दारू होती, नांदायला न नेणारा नवरा होता, माहेरी न बोलावणारा भाऊ होता. गळे तेच होते. मी जो ‘प्रधान भाव’ म्हणून छापला, तो ओट्याचा आणि दुपारचा भाव होता. आता विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मी एक खूण बघतो : गावोगावच्या बायका पहिल्या तासात सारख्याच विषयावर, सारख्याच नेटक्या ओव्या देत असतील, तर त्या पाहुण्याला दिलेल्या ओव्या आहेत. चांगल्या कपबशीतल्या चहासारख्या.

वेगळं काम झालेलं नाही, असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी ऐंशीच्या दशकापासून मुळशी-मावळाकडे जे केलं, ते पद्धतीसाठी पुन्हा बघायला हवं. त्यांनी आधी ओव्या गोळा केल्या नाहीत. गरीब डोंगरी संघटनेत तिथल्या बायकांबरोबर काम चालू होतं, बैठकांत ओव्या आपसूक यायच्या आणि मग संघटनेतल्याच बायका गावोगाव जाऊन त्या उतरवू लागल्या. अर्थ लावायलाही गाणाऱ्या बायका बसायच्या. एक लाखाहून अधिक ओव्या आणि हजारावर गावं असा तो साठा झाला. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रणही झालं. महत्त्वाचं म्हणजे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव राहिलं. म्हणून नंतर ‘परी’ या संकेतस्थळाने हा साठा हाती घेतला, तेव्हा माजलगावच्या भीमनगरात पुन्हा जाऊन, आंबेडकरांवर ओव्या गाणाऱ्या राधाबाई बोऱ्हाडे यांना भेटता आलं. ‘स्त्री, वय अंदाजे ६०’ हिला कोण कुठे शोधणार?

मात्र नाव लिहिलं की सगळं झालं, असं समजू नका. विद्यापीठांच्या नीतिसमित्या उलटं सांगतात : नाव गाळा, ओळख लपवा. आजाराच्या माहितीला ते योग्य आहे. पण ओवी ही माहिती नाही, रचना आहे. तिथे नाव गाळणं म्हणजे कवीचं नाव खोडणं. तरीही नवऱ्याच्या मारावर गाणारीचं नाव छापलं, तर तिला त्याच घरात राहायचं असतं. मी अलीकडे एकेका ओवीला विचारतो. एका बाईंनी विठ्ठलाच्या ओव्यांखाली पूर्ण नाव घालायला सांगितलं, सासूच्या ओव्यांखाली फक्त गाव आणि दोन ओव्या ‘ऐक, पण लिहू नकोस’ म्हणून सांगितल्या. त्या दोन माझ्या वहीत नाहीत.

संमतीही तशीच तुकड्यांत घ्यावी लागते. गाणं एक, टेप करणं दुसरं, छापणं तिसरं, आणि कुठल्याही टप्प्यावर मागे फिरता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. तेच नमुने पुढे मानसिक आजाराच्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला वापरले गेले. आपण याच दरीतले, ही त्यांची श्रद्धा. तिच्याविरुद्ध पुरावा त्यांच्याच रक्तातून काढला गेला. २००३ मध्ये त्यांच्यातल्याच एक बाई अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात एका प्रबंधाच्या सादरीकरणाला बसल्या, तेव्हा हे उघड झालं. २०१० साली तडजोड झाली : ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत. सह्या घेतलेल्या होत्या. गावकऱ्यांनी सही कशावर केली आणि कागदात काय मावत होतं, यावरच भांडण होतं. इंग्रजी फॉर्मवर अंगठा उठवून आणणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावं.

पैशाबद्दल थोडंसं. गाणारीची रोजची मजुरी बुडते, ती द्यावी. त्याने सामग्री ‘दूषित’ होते, असं सांगणारे गृहस्थ प्रवासभत्त्याचं बिल भरूनच परततात.

माझ्या कॅसेटी बरीच वर्षं कपाटात होत्या, काहींना बुरशी लागली. जेवढ्या वाचल्या, तेवढ्यांचं पेनड्राइव्ह करून मागच्या वर्षी त्या गावी घेऊन गेलो. ओट्यावरच्या बायकांपैकी दोघी आहेत. त्यातल्या एकीने स्वतःचा आवाज ऐकला, मग मी छापलेली ओवी वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. “हे मी नाय म्हणले,” त्या म्हणाल्या. मी त्यांच्या बोलीतला शब्द सुधारून पुस्तकी केला होता आणि त्या सुधारणेत यमक मोडलं होतं. इतक्या वर्षांत एकाही परीक्षकाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या प्रतीत तो शब्द मी बदलला आहे आणि खाली त्यांनी सांगितलं तसं नाव घातलं आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली प्रत अजून तशीच आहे. ती दुरुस्त करून मिळावी, म्हणून मी अर्ज दिलाय. मूळ प्रबंधात फेरफार करण्याची तरतूद नाही, असं उत्तर आलं आहे.