शीव चुकली तर पत्र कसं लिहावं



मीरा-भाईंदरमध्ये आज ग्रामपंचायत नाही. 1985 मध्ये इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, 1990 मध्ये राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन, चेणे-वर्सोवा ही गावं तिच्यात आली आणि 2002 मध्ये महानगरपालिका झाली. पण तुमच्या सोसायटीचा सातबारा काढून बघा. वर गावाचं नाव नवघर असेल, गोडदेव असेल, नाहीतर मिरे किंवा घोडबंदर. पंचायती गेल्या, महसुली गावं आणि त्यांच्या शिवा तशाच आहेत. आपल्या खाडीतलं पाणजू बेट तर ऑगस्ट 2014 पासून दुसऱ्या जिल्ह्यात, पालघरमध्ये आहे आणि तिथे अजून ग्रामपंचायत आहे. म्हणून शिवेचा विषय आपल्याला परका नाही.

माझं आयुष्य जमीन मोजण्यात गेलं. निवृत्तीनंतर भाईंदरला राहायला आलो, तरी जिल्ह्यातल्या गावांतून लोक कागद घेऊन येतात. असंच एका डोंगराकडच्या गावच्या सरपंचताई एक पत्र दाखवायला घेऊन आल्या. गावाचं नाव सांगत नाही, कारण शेजारच्या गावाशी त्यांचं भांडण नाही आणि ते मला लावूनही द्यायचं नाही.

प्रकार असा होता. गावाच्या पूर्वेला ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे गावचाच एक पाडा. बऱ्याच वर्षांपूर्वी मोठ्या पुरात ओढ्याने पात्र बदललं आणि तो गाव आणि पाडा यांच्या मधून वाहू लागला. जुन्या पात्रात आता भात लावतात. कागदोपत्री कुणाला काही फरक पडला नाही. पुढे नकाशे संगणकावर आले. घरकुलासाठी पाड्यावरच्या घरांचे मोबाइलवर फोटो काढले, तर जागा शेजारच्या गावात दिसायला लागली. अर्ज अडकले.

हे होतं कसं, तेही सांगतो. जुना गावनकाशा आधी स्कॅन करतात. मग त्यावरच्या काही ओळखीच्या खुणा उपग्रहाच्या चित्रावरच्या त्याच खुणांशी जुळवतात आणि माणूस बसून एकेक रेषा गिरवतो. जुना कागद आकसलेला असतो, ओढ्याची रेघ पुसट झालेली असते. चित्रात मात्र वाहता ओढा ठसठशीत दिसतो. गिरवणाऱ्याने त्यालाच शीव मानलं. पण ओढा सरकला म्हणून शीव आपोआप सरकत नाही. मोजणीच्या अभिलेखात ती जिथे आहे तिथेच राहते.

ताईंनी आणलेल्या पत्रात लिहिलं होतं, “आमच्या गावावर अन्याय झाला असून पाडा आमच्या गावात समाविष्ट करावा.” मी म्हटलं, “ताई, ‘समाविष्ट करावा’ हे शब्द आधी काढा. पाडा तुमचाच आहे. समाविष्ट करा म्हटलंत की तो आज बाहेर आहे हे तुम्हीच कबूल केलंत, आणि तुमचा अर्ज गावाची हद्द बदलण्याचा ठरला. त्याचा रस्ता निराळा, त्याला सरकारची अधिसूचना लागते. तुम्हाला हद्द बदलायची नाही. मूळ नकाशात आहे तशी ती पडद्यावर यायला हवी, एवढंच मागा.”

मग प्रश्न आला पुराव्याचा. मोबाइल घेऊन शिवेवर उभं राहिलात तर उघड्या रानातही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडाखाली त्याहून जास्त. तेवढ्या फरकावर पत्र लिहू नये. इथे फरक मोठा होता. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची आणि टिपणाची प्रमाणित नक्कल काढली. टिपणात अंतरं साखळी आणि आण्यात असतात. एक साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. गावच्या जुन्या विहिरीपासून शिवेपर्यंत अंतर होतं 9 साखळ्या 8 आणे, म्हणजे साडेपंचाण्णव मीटर. पडद्यावर तेच अंतर जेमतेम 50 मीटर भरत होतं. साडेचार साखळ्या गायब!

एवढ्यावरही थांबलो नाही. कधी कधी नकाशाचं सगळं पानच एका बाजूला सरकलेलं असतं. मग प्रत्येक रेषा एकाच दिशेने, सारखीच चुकते आणि दुरुस्तीही अख्ख्या पानाची करावी लागते. म्हणून उत्तरेचं देऊळ आणि दक्षिणेला तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, या दोन्ही जागा तपासल्या. तिथे पडदा आणि कागद जुळत होते. चूक फक्त ओढ्याकाठच्या सुमारे 12 साखळ्यांच्या तुकड्यात होती.

एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. तेव्हा 12 गुणिले साडेचार, 54 गुंठे. मग आकारबंद काढला. त्यातल्या एकूण क्षेत्रापेक्षा पडद्यावरचं गाव जवळपास तेवढंच कमी भरलं आणि शेजारचं गाव त्याच्या आकारबंदापेक्षा तेवढंच जास्त. माझ्या मते शिवेच्या तक्रारीत याहून पक्की खूण नाही. यात कुणाच्या तोंडच्या शब्दावर विसंबावं लागत नाही, दोन्ही गावांचे सरकारी आकडेच बोलतात.

नवं पत्र एका पानाचं झालं. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत जिल्हा अधीक्षक भूमी अभिलेख आणि तालुक्याच्या उपअधीक्षकांना. त्यातला मुख्य भाग वाचून दाखवतो.

“महाभूनकाशावरील आमच्या गावाची पूर्वेकडील हद्द, सोबतच्या छापील प्रतीवर अ ते ब अशी दाखवलेली, मूळ गावनकाशाशी जुळत नाही. विहिरीपासूनचे अंतर टिपणानुसार 9 साखळ्या 8 आणे असून संगणकीय नकाशात ते सुमारे 50 मीटर आहे. उर्वरित हद्दीबाबत आमची तक्रार नाही. तरी मूळ अभिलेखाशी पडताळणी करून, आवश्यक वाटल्यास दोन्ही गावांच्या प्रतिनिधींसमक्ष मोजणी करून, संगणकीय नकाशा दुरुस्त करावा, ही विनंती.”

खाली ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख. छापील प्रतीवर ती कोणत्या दिवशी काढली तेही लिहिलं, कारण पडद्यावरचा नकाशा मधेच बदलू शकतो. “उर्वरित हद्दीबाबत तक्रार नाही” हे वाक्य ताईंना आधी खटकलं होतं. पण त्याने अधिकाऱ्याचं काम एका तुकड्यापुरतं होतं आणि शेजारच्या गावाला धास्ती राहत नाही. पत्र देण्याआधी ताई स्वतः शेजारच्या सरपंचांना भेटल्या. त्यांनीही जुनी शीव मान्य असल्याचं लिहून दिलं.

या मान्यतेला किंमत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 मध्ये हक्कनोंदींतल्या लेखनाच्या चुका आणि संबंधितांनी कबूल केलेल्या चुका दुरुस्त करण्याची सोय आहे. तिथे तत्त्व असं की वाद नसेल तर दुरुस्ती सोपी. नकाशातही तेच. पडदा मूळ कागदाशी जुळत नसेल तर कार्यालय पडताळून रेषा सुधारू शकतं. मूळ कागदच चुकला आहे असं तुमचं म्हणणं असेल तर मात्र नोटिसा, सुनावणी, अपील, सगळं आलं, आणि त्यात वर्षं जातात. आपलं प्रकरण यातलं कोणतं, हे पत्राच्या पहिल्या चार ओळींत कळलं पाहिजे. ते कळलं नाही तर कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो, आणि घरकुलाचा हप्ता थांबतो तो पाड्यावरच्या माणसाचा.

त्या गावात दोन्ही सरपंचांसमोर मोजणी झाली. जुन्या पात्राच्या काठी, भाताच्या बांधात रुतलेला हद्दीचा एक दगड सापडला. पंचनाम्यावर दोन्ही गावांच्या सह्या आहेत.

माझं सांगणं सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आहे. गावनकाशाची आणि आकारबंदाची प्रमाणित नक्कल आजच काढून दप्तरात ठेवा आणि पडद्यावरचं क्षेत्र तिच्याशी ताडून बघा. फरक दिसला तर भातकापणी होताच अर्ज द्या. पावसाळ्यात चिखलात मोजणी होत नाही.